मान आखडली की व्यायाम करावा की थांबावे?

गेल्या रमजानच्या आधी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय चौतीस, उर्दू प्राथमिक शाळेत नोकरी, घरी दोन मुले आणि सासूबाई. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, कॉलेजपासूनचे. महिन्याला पाच-सहा झटके. औषध डॉक्टरांचे चालू होते. माझ्याकडे येण्याचे कारण वेगळे होते. त्या म्हणाल्या, "बाजी, नणंदेने मोबाइलवर योगाचा व्हिडिओ पाठवला. मान आखडली की मी तो लावते. पण व्यायाम केला की डोके उतरण्याऐवजी चढतेच. आणि सजद्यात गेले की डोक्यात घण पडल्यासारखे होते. नमाज तर सोडवत नाही. काय करू?"

त्यांचा व्यायाम तसा चुकीचा नव्हता. तो करण्याची वेळ चुकीची होती. अर्धशिशी असलेल्या बऱ्याच जणांची गफलत इथेच होते, म्हणून या महिन्यात तेवढेच नीट पाहू.

मान आधी दुखते, मग डोके

मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याच्या व कपाळाच्या वेदना नेणारी नस या मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे डोक्यातला झटका मानेत जाणवतो आणि मानेचा ताण डोक्यात जाणवतो. अर्धशिशी असलेल्या पुष्कळ लोकांना डोके ठणकायच्या काही तास आधीपासून, कधी आदल्या दिवशीच, मान जड वाटू लागते. आपल्याला वाटते, मान आखडली म्हणून डोके दुखले. खरे तर अशा वेळी झटका आत सुरू झालेला असतो आणि मानदुखी ही त्याची पहिली पायरी असते. तेव्हा मान ताणली, गोल फिरवली, दाबून घेतली, तर आधीच चिडलेल्या नसांना आपण आणखी डिवचतो.

मात्र मानेचा साधा आखडलेपणाही असतोच. वह्या तपासणे, शिलाई मशीनवर वाकणे, उंच उशी, मांडीवर ठेवून पाहिलेला मोबाइल यांनी तो येतो. त्याला हलक्या हालचालीने नक्की आराम मिळतो. मग दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

तीन प्रश्न

पहिला: मानेसोबत आणखी काही होत आहे का? सारख्या जांभया येणे, विनाकारण चिडचिड, उजेड किंवा आवाज नकोसा होणे, फोडणीच्या वासाने मळमळणे. यांपैकी काही असेल तर झटका येतो आहे असे समजा.

दुसरा: एक जिना चढून पाहा, किंवा जमिनीवरची वस्तू उचलायला वाका. डोक्यात ठणका वाढला तर तो झटका. नुसती मानच ओढली गेली तर तो स्नायूंचा आखडलेपणा.

तिसरा: मान हळूच उजवी-डावीकडे पाच वेळा वळवा. पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा मोकळे वाटले तर पुढचा व्यायाम करा. तसेच राहिले किंवा वाढले तर थांबा.

त्या शिक्षिकांना मी दोन महिने वहीत नोंद ठेवायला सांगितले: मान कधी दुखली, सोबत काय होते, व्यायाम केला का, पुढे काय झाले. पहिल्या महिन्यात सहा झटके आले. त्यांतल्या चार वेळा आदल्या संध्याकाळी मान जड होती आणि जांभया येत होत्या. चारही वेळा त्यांनी व्हिडिओ लावून मान गोल गोल फिरवली होती. वही पाहून त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे मी आगीत तेल ओतत होते."

बऱ्या दिवसांचा व्यायाम

हा व्यायाम डोके शांत असलेल्या दिवशी करायचा. वेळ दहा-बारा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. फज्रनंतर किंवा असरनंतर, पोट हलके असताना. यात कोणताही मंत्र नाही की कोणाला नमन नाही. योग शब्द नको वाटला तर वर्जिश म्हणा, शरीराला फरक पडत नाही.

आधी खुर्चीवर पाठ टेकून बसा. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. श्वास मध्ये कोंडायचा नाही. दोन मिनिटे.

मग दोन्ही खांदे कानांकडे उचला, मागे न्या, खाली सोडा. आठ वेळा. मानेचे निम्मे ओझे खांद्यांतच साठलेले असते.

तिसरे, हनुवटी आत घेणे. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे सरकवा, कोणी बोटाने मागे ढकलल्यासारखी. डोके खाली झुकवू नका. पाच सेकंद थांबा, सोडा. आठ वेळा. पुढे झुकलेल्या मानेसाठी हा सर्वांत उपयोगी व्यायाम आहे.

चौथे, मान वळवणे. सलाम फेरताना वळवतो तशीच, पण त्याहून संथ. जिथे ओढ जाणवू लागते तिथेच थांबा, शेवटपर्यंत रेटू नका. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा. मग कान खांद्याकडे झुकवा, खांदा वर आणू नका. पंधरा सेकंद, दोन्हीकडे दोन-दोन वेळा. हाताने डोके ओढायचे नाही, डोक्याचे वजन पुरेसे आहे.

पाचवे, मार्जारासन. तळहात आणि गुडघे जमिनीवर. श्वास सोडताना पाठ वर गोल, घेताना खाली. सहा वेळा. मान पाठीच्या रेषेत ठेवा, डोके लोंबकळू देऊ नका. गुडघे दुखत असतील तर हेच खुर्चीवर बसून करा.

शेवटी तीन मिनिटे उताणे पडा. मानेच्या पोकळीखाली टॉवेलची बारीक गुंडाळी आणि गुडघ्यांखाली उशी.

पहिले दोन आठवडे फक्त पहिल्या तीन गोष्टी करा. एकदम सगळे सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखले, की माणूस कायमचे सोडून देतो.

झटक्यात काय टाळायचे

झटका सुरू असताना, आणि वरच्या तीन प्रश्नांनी तो येतो आहे असे वाटले तरीही, डोके हृदयापेक्षा खाली जाईल अशी कोणतीही स्थिती नको. पादहस्तासन, अधोमुख श्वानासन, शशांकासन, सर्वांगासन, हलासन, शीर्षासन, सूर्यनमस्कार हे सगळे त्यात आले. डोके खाली गेले की डोक्यातला दाब वाढतो आणि ठणका वाढतो. मान मागे टाकणारी उष्ट्रासन, मत्स्यासन यांसारखी आसनेही नकोत. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून ठेवणे टाळा. मान पूर्ण गोल फिरवू नका.

शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांत मानेवर थेट भार पडतो. अर्धशिशी असलेल्यांनी ती बऱ्या दिवशीही घरच्या घरी करू नयेत. आणि सलूनमध्ये किंवा मालिशवाल्याकडून मान कडकन मोडून घेणे कायमचे बंद करा. अशा झटक्याने मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर पक्षाघातापर्यंत जाते.

झटक्यात करायचे ते एवढेच: डॉक्टरांनी दिलेले औषध सुरुवातीलाच घ्या, अंधाऱ्या खोलीत डोके थोडे उंच ठेवून पडा, कपाळावर किंवा मानेमागे कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवा आणि चार-सहाचा श्वास घ्या. मान पूर्ण विसाव्यात असू द्या.

सजद्याचे काय?

सजद्यातही डोके खाली जाते, म्हणून झटक्यात तो असह्य होतो. आजाऱ्याला बसून, आणि गरज पडली तर इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा दीनमध्ये आहे. सजद्याचा इशारा रुकूच्या इशाऱ्यापेक्षा थोडा अधिक झुकून करतात. तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्या. त्या शिक्षिकांना ही सवलत माहीत होती, पण त्यांच्या मते ती म्हाताऱ्या माणसांसाठी होती. त्यांच्या सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "अगं बेटा, आजार वय बघून येतो का?"

बऱ्या दिवशी सजदा निर्धास्त करा. भार तळहात आणि गुडघ्यांवर असू द्या, कपाळ दाबू नका आणि उठताना घाई करू नका.

अपेक्षा किती ठेवायची?

दिल्लीच्या एम्समध्ये 114 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त औषध, निम्म्यांना औषधासोबत योग. पहिला महिना शिक्षकासमोर आणि पुढचे दोन महिने घरी. तीन महिन्यांनी योग करणाऱ्यांच्या डोकेदुखीची संख्या महिन्याला नऊवरून पाचच्या खाली आली. नुसत्या औषधाने घट थोडीच होती. पण लक्षात घ्या, योग औषधासोबत होता, औषधाऐवजी नव्हता.

आमच्या शिक्षिकांचे झटके तीन महिन्यांत सहावरून चारवर आले. पूर्ण थांबले नाहीत. पण व्यायामाने झटका चढण्याचे प्रसंग बंद झाले, आणि मान जड झाली की व्हिडिओ न लावता गोळी घेऊन पडायचे हे त्यांना कळले.

काही वेळा मात्र व्यायामाचा विचारही नको, थेट दवाखाना गाठा: तापासोबत मान इतकी ताठ की हनुवटी छातीला लागत नाही, क्षणात उसळलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, मानेला झटका बसल्यावर नव्याने सुरू झालेली मानदुखी आणि चक्कर, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. आणि वेदनाशामक गोळी महिन्यात दहा दिवस किंवा अधिक लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. काही गोळ्या त्या प्रमाणात घेतल्या की त्याच डोकेदुखी वाढवू लागतात.

एक वही आणि पेन आजच बाजूला काढा. पुढच्या वेळी मान आखडली की आधी ते तीन प्रश्न विचारा, उत्तर लिहा, आणि मगच खांदे हलवा.