दोन जिवांची आहे, दोन ताटांची नाही



गेल्या महिन्यात अलिबागला नात्यातल्या एका सुनेच्या डोहाळजेवणाला गेले होते. सातवा महिना. तिच्या ताटातली पुरी संपायच्या आत दुसरी पडत होती. ती नको म्हणाली की तीन-चार आवाज एकदम यायचे, "अगं, आता तू दोन जिवांची! दोघांचं खा." नंतर ती हळूच म्हणाली, "काकी, दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून रोज दोन डिंकाचे लाडू आणि वरून तूप चालू आहे. वजन चौदा किलो वाढलं. डॉक्टर रागावल्या, साखरेची तपासणी पुन्हा करायला सांगितली."

म्हणून आज स्पष्टच लिहिते. "दोघांचं खा" हा सल्ला चुकीचा आहे.

हिशेब आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. बैठं काम असणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलं. गरोदरपणी त्यात ३५० वाढवायच्या, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. त्याही चौथ्या महिन्यापासून. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही, कारण तिसऱ्या महिन्याअखेर बाळ जेमतेम पंधरा ग्रॅमचं असतं. त्याच्यासाठी कसलं वेगळं ताट?

आणि ३५० म्हणजे किती? एक पेला गाईचं दूध, एक फुलका आणि वाटीभर घट्ट वरण. झालं. याउलट डिंकाचे दोन मोठे लाडू चारशेच्या पुढे जातात आणि दोन मोठे चमचे तूप अडीचशेच्या आसपास. त्या मुलीला गरज शून्य होती तेव्हापासून रोज साडेसहाशे जास्त मिळत होत्या.

"आमच्या वेळी आम्ही खाल्लंच की," असं सासूबाई म्हणतील. त्या वेळी विहिरीचं पाणी, जातं, दिवसभर उभं राहणं होतं. आज पाणी नळाला आहे आणि कळ्या लागेपर्यंत आपण मुलीला खुर्चीतून उठू देत नाही.

मग बाळ सुदृढ होतं कशाने? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचं खाणं टिपून ठेवलं. बाया बारीक, सरासरी ४२ किलोच्या, शेतात राबणाऱ्या. बाळाचा आकार आई एकूण किती कॅलरी खाते यावर फारसा ठरत नाही, असं दिसलं. ज्या बाया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. पुढे असंही दिसलं की निम्म्याहून जास्त बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त होती.

हे वाचून आपण जैन बायकांनी कान टवकारायला हवेत. बी-१२ धान्य-डाळी-भाज्यांत नसतं. आपल्याला ते फक्त दूध, दही, ताकातून मिळतं. लाडू कितीही खाल्ले तरी ही उणीव भरत नाही. म्हणून दिवस राहण्याआधी किंवा राहिल्याबरोबर बी-१२ तपासून घ्या. कमी असेल तर नुसत्या दुधावर विसंबू नका, डॉक्टरांकडून औषध घ्या. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर तसं सांगून गोळी मागा.

दुसरी गोष्ट पालेभाजीची. आपल्याकडे चातुर्मासात आणि तिथीला ती बंद असते. व्रत सोडा असं मी म्हणत नाही. पण पच्चक्खाणाला आगार असतात, गरोदर बाईने महाराजसाहेबांना विचारायला लाजायचं कशाला? तिला भाजी नाही आणि तूप मात्र दुप्पट, हा कुठला न्याय? आपण ऊनोदरीला तप म्हणतो. गरोदर बाईने भुकेलं राहू नये हे खरं, पण भूक नसताना तिला भरवणं हाही धर्म नाही.

कसं ओळखायचं? नेहमीच्या वजनाच्या बाईचं नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढणं ठीक. चौथ्या महिन्यापासून महिन्याला दोन किलोच्या आसपास. सुरुवातीला उलट्यांमुळे थोडं घटलं तरी घाबरू नका. एका आठवड्यात एकदम दीड-दोन किलो वाढलं, चेहरा किंवा हात सुजले, डोकं दुखलं, तर ते लाडवाचं वजन समजू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

मूळचीच बारीक असलेल्या मुलीला ३५० पेक्षा जास्त लागेल, जाड असलेलीला कमी. तो आकडा डॉक्टर ठरवतील. पंगतीत वाढणारी काकी नाही, आणि ती काकी मीसुद्धा होते, हे कबूल करते.