दम्यात श्वास अडतो तो सोडताना

दम्याचा झटका आला की घरातील मंडळी हमखास म्हणतात, "मोठा श्वास घ्या." सल्ला मायेचा असतो, परंतु दम्यात मूळ अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते. ती कशी, ते पाहू या.

आपली फुप्फुसे फुगवलेल्या फुग्यासारखी सतत आकसू पाहतात, तर बरगड्यांचा पिंजरा बाहेरच्या बाजूस पसरू पाहतो. या दोन्हींमध्ये फुप्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात. दोहोंकडून ओढ असल्यामुळे तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमीच राहतो. श्वास घेताना स्नायू छाती रुंदावतात, श्वासपटल खाली उतरते आणि हा दाब आणखी घटतो. त्यामुळे फुप्फुसे ताणली जातात व श्वासनलिकाही रुंदावतात. श्वास सोडताना मात्र एरवी काहीच जोर लागत नाही. ताणलेली फुप्फुसे आपसूक आकसतात. त्या वेळी नलिकाही काहीशा अरुंद होतात.

दम्यात या नलिका सूज, चिकट कफ आणि आवळलेले स्नायू यांमुळे आधीच बारीक झालेल्या असतात. नळीची रुंदी निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध सुमारे १६ पट होतो.

अडुसष्ट वर्षांच्या एखाद्या आजींना पहाटे धाप लागली आहे, असे समजा. वयोमानाने फुप्फुसांची आकसण्याची शक्ती उणावलेली असते, म्हणून त्या पोटाचे स्नायू आवळून हवा बाहेर ढकलू पाहतात. या जोराने फुप्फुसांभोवतीचा दाब वाढतो आणि बारीक नलिका बाहेरून अधिकच चेपल्या जातात. आतली हवा पुरती निघण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. अशी हवा साठत जाऊन छाती फुगलेली राहते, श्वासपटल सपाट होते आणि मग श्वास घेणेही जड जाते. छाती हवेने भरलेली असूनही आजी म्हणतात, "हवा पुरत नाही."

अशा वेळी त्यांना आडवे करू नका. बसवून किंचित पुढे वाकवा व हात टेबलावर टेकवू द्या. डॉक्टरांनी दिलेला झटक्याच्या वेळचा पंप, शक्यतो स्पेसर लावून, सांगितलेल्या मात्रेत द्या. आवळलेली नलिका त्यानेच सैल होते. तोवर ओठांचा चंबू करून, जोर न लावता, सावकाश श्वास सोडण्यास सांगा. त्यामुळे नलिकांत थोडा दाब टिकून त्या लवकर मिटत नाहीत.

एक खूण विसरू नका. छातीतील सूंसूं आवाज थांबला, पण धाप तशीच आहे, तर तो आराम नव्हे. आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नसावी. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे किंवा पंपाने उतार न पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा.