मतं मोजू नका, झोप मोजा!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'पावणेनऊ' म्हणजे नक्की किती, हे मला आजही क्षणभर थांबून आठवावं लागतं. पण मित्रांनो, मी जो घोळ सांगणार आहे, तो माझ्या मराठीमुळे झाला नाही. तो पोलमुळे झाला, आणि पोल मीच घेतला होता!

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही हॉस्टेलमधले चौघं, म्यूनिकला शिकणारा एक सीनियर दादा आणि सॅन होजेला नोकरी करणारी एक ताई असा सहा जणांचा ग्रुप झाला. फेब्रुवारीत पहिली मीटिंग ठरवायची होती. मी मोबाइलवर पोल टाकला : रविवार सकाळी १०, रविवार दुपारी २.३०, रविवार रात्री ९.३०. पाच मतं सकाळी दहाला. वा, बहुमत! रविवारी दहाला आम्ही नाश्ता उरकून तयार, शनिवारचं जेवण आटपून ताईही हजर, पण दादाचा पत्ता नाही. तो उगवला दुपारी अडीचला, त्याच्या घड्याळात बरोब्बर दहा वाजता! तेव्हा आम्ही मेसचं जेवून गाढ झोपलो होतो. पोलमध्ये मी 'सकाळी १०' लिहिलं, पण कुठल्या गावचे दहा ते लिहिलंच नाही. त्याने आपल्या गावचे धरले.

यातून पहिला धडा असा, की पर्याय लिहिताना प्रत्येक गावाची वेळ वारासकट लिहायची. वार का? कारण आपले रविवारी सकाळचे दहा म्हणजे म्यूनिकला पहाटेचे साडेपाच, आणि सॅन होजेला चक्क शनिवारी रात्रीचे साडेआठ. वाराची चूक झाली, तर माणूस एक दिवस उशिरा येतो.

दुसरा धडा मोजणीचा. नुसती मतं मोजली, तर आम्ही चौघं कायम जिंकणार. पण चौघं एकाच गावात, एकाच घड्याळावर जगतो. ती चार मतं म्हणजे खरं तर एकच अडचण चार वेळा मोजलेली. म्हणून दुसऱ्या पोलला मी प्रत्येक वेळेपुढे तीन उत्तरं ठेवली : जमेल, ओढूनताणून जमेल, अशक्य. ज्या वेळेला कुणाचंही एक 'अशक्य' आलं, ती वेळ बाद. उरलेल्यांत ज्या वेळेला सर्वांत कमी गावांचं 'ओढूनताणून' असेल, ती पक्की.

मग चित्रच पालटलं. सकाळी दहाला दादा म्हणाला 'अशक्य', पहाटे साडेपाचला तो कशाला उठतोय! दुपारी अडीचला ताईकडे रात्रीचा एक, तिचंही 'अशक्य'. रात्री साडेनऊला म्यूनिकला संध्याकाळचे पाच, सॅन होजेला सकाळचे आठ, दोघांचंही 'जमेल'. अडचण फक्त आमची होती, कारण दहाला मुलींच्या हॉस्टेलवर रोल कॉल. म्हणून मीटिंग अर्ध्या तासाची केली, बस्स. पहिल्या पोलमध्ये या वेळेला एकच मत होतं, आणि खरी चालणारी वेळ तीच निघाली!

पण पोल एकदा घेतला की कायमचा सुटलो, असं समजू नका. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं. तिकडची उन्हाळ्यात एक तास पुढे जातात, तीही वेगवेगळ्या दिवशी. २०२६ साली अमेरिकेत ८ मार्चला, युरोपात २९ मार्चला. मीटिंग ताईच्या कॅलेंडरवर 'दर रविवारी सकाळी ८' अशी टाकली, तर ८ मार्चपासून ती आपल्याकडे साडेआठला येते, ऐन मेसच्या वेळेला. दादाची मीटिंगही पाचवरून चारवर सरकते, त्याचं घड्याळ तर हललेलंही नसताना! म्हणून वेळ आपल्या घड्याळाला बांधायची. मग तिकडचे दोघं एकेक तास सरकतात, पण आठचे नऊ आणि पाचचे सहा त्यांना परवडतात. ऑक्टोबरच्या शेवटी नि नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळं परत मागे येतात, तेव्हा पुन्हा एकदा विचारून घ्यायचं.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच वेळांपुढे 'अशक्य' आलं तर? येऊ शकतं. ग्रुपमध्ये सिडनीचा एक जण आला असता, तर आमच्या साडेनऊला त्याच्याकडे रात्रीचे तीन! अशा वेळी पोल उत्तर देऊ शकत नाही. मग पाळी लावायची, एका आठवड्याला एकाने जागायचं, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याने. दर वेळी त्याच माणसाला जागवून त्याला 'बहुमत' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

परवा दादाने मेसेज केला, 'तुमचा रोल कॉल झाला का गं?' ज्याला आमची अडचण माहीत आहे, त्याच्याशी मीटिंग ठरवायला वेळ लागत नाही. पोलमध्ये विचारायचं असतं ते एवढंच!