‘शून्य फी’चा थायलंड आणि बिलात निघालेले साडेसहा हजार

मंडळी, जरा कॅल्क्युलेटर काढून बसा. आज राजकारण नाही, पण विषय खिशाचाच आहे.

हल्ली आपल्याकडे भिशी फुटली की गोवा नाही, थेट थायलंड. त्यात वाईट काही नाही. रिटायर झालेले गुरुजी, किराणा दुकानदार, द्राक्षाचे दोन पैसे हाती आलेला शेतकरी, सगळ्यांनी जग बघावं. माझा राग प्रवासावर नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या त्या एका स्क्रीनशॉटवर आहे. कुठल्याशा बँकेचा दरतक्ता, अर्धा कापलेला, खाली आयोजकाचा निरोप: “तिकडचा खर्च याने गुणा, तेवढे रुपये ठेवा.” आणि आपण गुणतो.

आधी तो तक्ता वाचायचा कसा ते बघू. त्यात एका चलनासमोर चार-सहा आकडे असतात. ‘बाय’ म्हणजे बँक तुमच्याकडून चलन घेईल तो दर, ‘सेल’ म्हणजे बँक तुम्हाला विकेल तो. जाणाऱ्या माणसाला ‘सेल’ लागतो. पण डावीकडे पहिला असतो ‘बाय’, कमी आकड्याचा, आणि डोळा तिथंच थांबतो. शिवाय ‘टीटी’चा दर वेगळा आणि नोटांचा वेगळा. टीटी म्हणजे खात्यातून खात्यात पाठवायचे पैसे. नोटा मागवणं, सांभाळणं, पडून ठेवणं याचा खर्च बँक त्या दरात घालते, म्हणून नोटांचा ‘सेल’ सगळ्यात महाग. येनसारख्या चलनाचा दर १०० ला दिलेला असतो, काही तक्त्यांत बाटचाही. ती ओळ आणि तारीख, दोन्ही नेमकी कापलेल्या भागात जातात.

आता एका कुटुंबाचा हिशेब मांडू. दर उदाहरणादाखल घेतलेत, तुम्ही तुमच्या दिवसाचे घाला. चार माणसं, तिकीट-हॉटेल आधीच भरलेलं, तिकडचा खर्च ३०,००० बाट. त्यातले २०,००० क्रेडिट कार्डावर, १०,००० रोख. तक्त्यात १०० बाटला टीटी बाय २६२, नोटांचा सेल २९०.

ग्रुपचा हिशेब: ३०,००० गुणिले २.६२, म्हणजे ७८,६०० रुपये. झालं, मंजूर.

खरा हिशेब बघा. कार्डाला तक्त्यातला कुठलाच दर लागत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड स्वतःचा दर लावतं, तोही व्यवहार त्यांच्याकडे प्रक्रियेला येतो त्या दिवशीचा. समजा तो २.७० आहे. २०,००० बाटचे झाले ५४,०००. त्यावर तुमच्या बँकेचा ‘फॉरेन करन्सी मार्कअप’. आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो: १,८९०. या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी: ३४० रुपये २० पैसे. म्हणजे साडेतीन टक्के हे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. कार्डाची बेरीज ५६,२३०.

रोखीचं. १०,००० बाटच्या नोटा इथूनच घेतल्या तर २.९० ने २९,०००. चलन बदलून देण्यावरही जीएसटी आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेला तिचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात (किमान अडीचशे रुपये) आणि त्यावर १८ टक्के. इथं तो ५२ रुपये. तो नगण्य आहे, मान्य. खरा फटका २.७० आणि २.९० मधल्या फरकाचा: दहा हजार बाटमागे दोन हजार रुपये. आणि काउंटरवर पाटी काय असते? ‘झिरो कमिशन’! कमिशन शून्यच असतं हो, पैसे दरातून काढलेले असतात.

एकूण झाले ८५,२८२. ग्रुपच्या आकड्यापेक्षा ६,६८२ रुपये जास्त, म्हणजे साडेआठ टक्के. यात कुणी फसवणूक केली नाही, कुणी पाकीट मारलं नाही. नुसता चुकीचा रकाना आणि न धरलेलं शुल्क.

यावर दोन गोष्टी आणखी. रोख तिकडच्या एटीएममधून काढू म्हणणारे असतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एटीएम दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क घेतं, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. दोन-दोन हजार करून पाच वेळा काढले तर ११०० बाट, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये, फक्त मशीनचे. तुमच्या बँकेचं शुल्क आणि मार्कअप वेगळा. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढू नकाच, त्यावर काढल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

दुसरं, दुकानातलं मशीन विचारतं: THB की INR? रुपये दिसले की आपल्या माणसाला हायसं वाटतं. ते बटण दाबलं की दर ठरवतो समोरच्याचा सेवादार, आणि तो बहुधा कार्ड कंपनीपेक्षा वाईट असतो. वर काही बँका ‘परदेशातला रुपयातला व्यवहार’ म्हणून आपलंही शुल्क लावतात. कायम THB दाबा.

“चार टक्क्यांनी काय होतंय?” असं म्हणणारे भेटतात. ज्याचा महिना पगारावर निघतो, त्याने भिशीतले बरोबर ७८,६०० बाजूला ठेवलेले असतात. वरचे साडेसहा हजार कार्डाच्या बिलात येतात, तेव्हा शाळेची फी आणि खताची उधारी समोर असते. मग ‘मिनिमम ड्यू’ भरला जातो, आणि उरलेल्यावर महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज. सहल पाच दिवसांची, हप्ते दिवाळीपर्यंत.

म्हणून दोष गुणाकार चुकलेल्या गुरुजींना देऊ नका. कार्ड विकताना लाउंज आणि पॉइंट मोठ्या अक्षरात छापणारी बँक मार्कअप मात्र नियमावलीच्या कुठल्याशा पानावर ढकलते, आणि सहलवाला ‘शून्य फी’ म्हणत पाच जणांचे पैसे गोळा करतो. युरोपियन युनियनने २०१९ मध्येच नियम केला: युनियनमधल्या चलनांत कार्ड वापरलं तर बदलाचं शुल्क त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या दराच्या वर किती टक्के, हे एकाच आकड्यात सांगायचं. हे काही रॉकेट नव्हे. आपल्या बँकेला आणि सहल कंपनीला एवढंच छापायला काय हरकत आहे: १०,००० बाट खर्चाल तर खात्यातून सगळं धरून इतके रुपये जातील?

ते छापेपर्यंत पैसे भरण्याआधी काउंटरवर उभं राहून तीन प्रश्न विचारा. हा दर बाय की सेल? माझ्या कार्डाचा मार्कअप जीएसटीसकट किती? आणि हा तक्ता कोणत्या तारखेचा? उत्तर तोंडी नको, लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे बुकिंगचा ॲडव्हान्स ठेवू नका.