पासवर्ड मनाने नको, फाशाने निवडा

मंगरूळपीरचा माझा भाचा परवा मोठ्या ऐटीत म्हणाला, "मामू, माझा पासवर्ड चोवीस अक्षरांचा आहे, कुणाला सापडणार नाही." पासवर्ड होता washimrisodkaranjamanora.

मी त्याला हिशेब करायला लावला. वाशीम जिल्ह्यात तालुके सहा. त्यातले वेगवेगळे चार ओळीने लावायचे तर प्रकार होतात फक्त ३६०. आपल्यातले बरेच जण लावतात तसे ७८६ पुढे किंवा मागे जोडले, तरी १०८०. पासवर्ड फोडणारा एकेक अक्षर जुळवत बसत नाही. तो गावांची नावे, माणसांची नावे, जन्मसाले आणि ७८६ यांच्या याद्याच संगणकाला देतो. लांबी माणसाला भिववते, यादीला नाही.

माझे मत असे, की शब्द निवडण्याचे काम मनाकडे ठेवूच नये. मन ओळखीच्या वाटेनेच जाते. १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड या अमेरिकन माणसाने 'डाइसवेअर' नावाची पद्धत मांडली. यादीत साधे ७७७६ इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे पाच आकडे. लुडोचा फासा पाच वेळा टाका, आकडे ओळीने लिहा, त्या क्रमांकाचा शब्द घ्या. असे सहा शब्द काढा. सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न करणारे यंत्र धरले, तर चार शब्दांचे सगळे प्रकार ते तासाभरात तपासून संपवते. सहा शब्दांना त्याला सुमारे सात हजार वर्षे लागतात.

मराठी शब्द हवे असतील तर शाळेच्या पुस्तकांतून १२९६ शब्द वहीत उतरवा आणि त्यांना ११११ ते ६६६६ असे क्रमांक द्या, १ ते ६ हेच आकडे वापरून. इथे एका शब्दाला फासा चारदाच टाकायचा, म्हणून शब्द आठ घ्यावे लागतात. एकूण तीसेक वेळा फासा पडला पाहिजे, एवढे ध्यानात ठेवा. kandil की kandeel, हे स्पेलिंग यादी करतानाच ठरवून टाका, नाहीतर ऐनवेळी अडाल.

भाच्याने पहिलीच चूक केली. 'खराटा' आला, त्याला आवडला नाही, त्याने पुन्हा फासा टाकला. म्हणजे निवड परत मनाकडेच गेली. आलेला शब्द ठेवायचा, क्रमही बदलायचा नाही. आठवावे म्हणून त्या शब्दांची वेडीवाकडी गोष्ट रचा. पाठ होईपर्यंत चिठ्ठी कपाटात ठेवली तर हरकत नाही, मोबाइलमध्ये फोटो मात्र नको.

हे शब्द ईमेलसारख्या मुख्य खात्याला लावा, आणि त्याच एका खात्याला. फोनवर कुणी गोड बोलून तुमच्याकडूनच ते काढून घेतले, तर फासा काही करू शकणार नाही.