वर्गातला उजेड: वॅट नव्हे, लक्स मोजा

जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी पट्ट्या लावल्या की शाळेचे वीजबिल कमी होते आणि काम झाले असे मानले जाते. पण बाकावर किती उजेड पोहोचला, हे सहसा कोणी मोजत नाही.

आयएस ३६४६ या भारतीय मानकानुसार वर्गखोलीत ३०० लक्स उजेड अपेक्षित आहे. दुसरीकडे, दर चौरस मीटरला किती वॅट वापरायचे यावरही मर्यादा असते. अमेरिकेच्या ॲश्रे ९०.१ या संहितेच्या २०१९च्या आवृत्तीत वर्गासाठी ती सुमारे ७.६ वॅट आहे.

८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे ४८ चौरस मीटरचा वर्ग घेऊ. त्यात २० वॅटच्या, प्रत्येकी २,००० ल्युमेनच्या चार पट्ट्या लावल्या. वीज लागते चौरस मीटरला जेमतेम १.७ वॅट. मर्यादा सहज पाळली जाते, पण बाकावर मिळतात अवघे ७३ लक्स!

हा आकडा असा येतो. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश बाकापर्यंत पोहोचत नाही. काही छत-भिंती शोषून घेतात. उजळ रंगाच्या खोलीत साधारण ५५ टक्के पोहोचतो असे धरू. धूळ बसून आणि दिवे जुने होऊन तो आणखी घटतो, म्हणून त्याचे ८० टक्केच हिशेबात घ्यायचे. या गणिताने ३०० लक्ससाठी सुमारे ३२,७०० ल्युमेन लागतात. २० वॅटमध्ये २,४०० ल्युमेन देणाऱ्या पट्ट्या निवडल्या तर १४ पुरतात. पाच-पाचच्या तीन रांगा नीट बसाव्यात म्हणून १५ घेतल्या, तर ३३० लक्स मिळतात आणि वीज लागते चौरस मीटरला ६.२५ वॅट. दोन्ही अटी पूर्ण होतात.

भिंती गडद किंवा कळकट असतील, तर ५५ टक्क्यांचे ४५ होतात आणि तेच १५ दिवे २७० लक्सच देतात. म्हणजे चुन्याचा एक हातही विजेच्या हिशेबात मोजावा लागतो.

सरासरी बरोबर असूनही कोपरा अंधारा राहू शकतो. म्हणून सर्वांत कमी उजेडाला सरासरीने भागतात. युरोपीय मानकात वर्गासाठी हे गुणोत्तर किमान ०.६ हवे. सरासरी ३३० असेल तर कोणत्याही बाकावर १९८ लक्सपेक्षा कमी उजेड चालणार नाही. दिवे फक्त भिंतींवर लावले की मधले बाक मागे पडतात. छताला समान अंतरावर रांगा लावल्या की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

शाळेने काम ताब्यात घेताना अंधार पडल्यावर लक्समीटरने बाकाच्या उंचीवर, खोलीचे बारा समान चौकोन करून प्रत्येकाच्या मध्यभागी मोजावे. मात्र नव्या दिव्यांखाली सरासरी नेमकी ३०० आली तर ती अपुरी आहे. पुढची घट धरता पहिल्या दिवशी किमान ३७५ हवी.