बाटलीवर ‘शाब्ली’ लिहिलंय, पण द्राक्ष कोणतं?

एका बाटलीवर लिहिलंय ‘शाब्ली’. दुसरीवर ‘शार्डने, कॅलिफोर्निया’. द्राक्ष दोन्हींत तेच आहे, शार्डने. मग पहिलीवर त्याचं नाव का नाही?

कारण शाब्ली हे फ्रान्समधलं गाव आहे आणि त्याचं नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे. द्राक्षं त्याच परिसरातली हवीत, आणि तीही फक्त शार्डने. म्हणजे गावाच्या नावातच द्राक्ष आलं. अर्थात, हे आधी माहीत असेल तर! नवख्या ग्राहकाची गोची इथेच होते. नावाआधी ‘पती’ असेल तर ही खालची पायरी, नावानंतर ‘प्रमिए क्रू’ असेल तर वरची आणि ‘ग्रां क्रू’ सगळ्यात वरची. ही प्रतवारी मळ्याच्या जमिनीची असते, कंपनीची नाही.

कॅलिफोर्नियाचं लेबल त्यामानाने सोपं वाटतं. आपल्या नाशिकच्या बाटल्यांवरही बहुतेकदा द्राक्षाचंच नाव असतं. पण अमेरिकेत ७५ टक्के शार्डने असलं तरी ते नाव छापता येतं. शिवाय वाइन आंबटसर आहे की भरदार, हे द्राक्षाच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी अल्कोहोलचा आकडा बघा. १२ च्या आसपास असेल तर बहुधा थंड हवेतली, १४ च्या पुढे असेल तर उन्हात जास्त पिकलेली.

आणि ‘कॅलिफोर्निया शाब्ली’ दिसली तर? अमेरिका आणि युरोपीय संघाच्या २००६ च्या करारानंतर अशी नवी लेबलं बंद झाली, जुनी मात्र चालू राहिली. तिच्यात शार्डने असेलच असं नाही.